टिपणातल्या एका ओळीचा परिच्छेद कसा करावा : पदरचं काही न घालता

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर किंवा शेतकरी गटाच्या मोबाईलवर जो सल्ला जातो, तो मुळात बहुतेक वेळा एका ओळीचा असतो. बैठकीत कृषी सहायक मुद्दे सांगतात, कुणीतरी ते भराभर टिपून घेतं आणि संध्याकाळी त्या ओळीचं सगळ्यांना समजेल असं लिखाण करायचं काम गटातल्या शिकलेल्या पोरापोरींवर येतं. ओळ फार तुटक असते, म्हणून ती फुलवावी लागते. फुलवताना मात्र हात सुटतो आणि टिपणात नव्हतं ते कागदावर उतरतं. हे काम नव्याने अंगावर आलेल्यांसाठी हा लेख आहे.

पूर्ण लेखात एकच ओळ धरून चालू. कपाशीच्या बैठकीतली ही ओळ विदर्भातल्या बहुतेक गावांत ओळखीची असेल :

गुलाबी बोंडअळी – कामगंध सापळे हे. ५ – ८ पतंग/सापळा/रात्र, सलग ३ रात्री – उपाय

आता तिचा घाईत केलेला परिच्छेद वाचा :

"गुलाबी बोंडअळी ही कपाशीची सर्वात घातक कीड असून तिच्यामुळे दरवर्षी निम्मे पीक हातचे जाते. तज्ज्ञांच्या मते एकरी ५ कामगंध सापळे लावल्यास अळीचा पूर्ण बंदोबस्त होतो. सापळ्यात ८ पतंग दिसताच ताबडतोब फवारणी करावी. यामुळे उत्पन्नात भरघोस वाढ होते."

भाषा ओघवती आहे, वाचायलाही बरं वाटतं. पण चार वाक्यांपैकी एकही टिपणावर टिकत नाही. "निम्मे पीक" कुठून आलं ते कुणालाच सांगता येणार नाही. "तज्ज्ञ" टिपणात नव्हतेच. हेक्टरी पाचाचे एकरी पाच झाले, म्हणजे सापळ्यांचा खर्च अडीच पट वाढला. "सलग ३ रात्री" गळाल्याने एका रात्रीच्या आकड्यावर गावभर पंप निघतील. "उपाय" या शब्दाची "फवारणी" झाली. आणि शेवटचं वाक्य नुसतं परिच्छेद गोल करायला घातलं आहे.

## लिहायला बसण्याआधी जवळ काय हवं

- मूळ टिपणाचा फोटो किंवा खुद्द वही. कुणी तोंडी सांगितलेली ओळ चालणार नाही.
- त्या विषयाचं कृषी विभागाचं किंवा विद्यापीठाचं घडीपत्रक. आपल्या भागात ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं मिळतं.
- ज्या वस्तूबद्दल लिहायचं तिचं पाकीट किंवा लेबल. इथे सापळ्यात बसवायच्या गंधद्रव्याचं, म्हणजे ल्युरचं पाकीट.
- तीन रंगांचे पेन.
- ज्यांनी मुद्दे सांगितले त्यांचा फोन नंबर.

## १. ओळ जशी आहे तशी उतरवा आणि तोडा

आधी ओळ कोऱ्या कागदावर एक अक्षरही न बदलता लिहा. मग प्रत्येक तुकडा वेगळ्या ओळीवर घ्या : गुलाबी बोंडअळी; कामगंध सापळे; हे. ५, ८ पतंग, प्रति सापळा, प्रति रात्र, सलग, ३ रात्री, उपाय.

"प्रति सापळा" आणि "प्रति रात्र" हे मी वेगळे तुकडे धरले आहेत. टिपणात ते नुसत्या तिरक्या रेघा आहेत आणि घाईत सगळ्यात आधी त्याच गळतात. रेघ गेली की "८ पतंग" एवढंच उरतं. मग एक जण आठ दिवसांत मिळून आठ धरतो, तर दुसरा पूर्ण वावराचे मिळून आठ. टिपणातली रेघ, बाण, कंस, "किंवा", "शक्यतो" ही सगळी माहितीच आहे. परिच्छेदात त्या प्रत्येकासाठी शब्द आला पाहिजे.

"हे." सारखं संक्षिप्त रूप इथेच पूर्ण करा. खात्री नसेल तर पूर्ण करू नका, विचारण्याच्या यादीत टाका.

## २. वाचणारा काय विचारेल ते लिहून काढा

फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस काय विचारेल? सापळा कशाला लावायचा? माझं वावर तीन एकर, मला किती लागतील? कुठे आणि किती उंच बांधू? पतंग कधी मोजू? दोन रात्री भरले आणि तिसऱ्या रात्री कमी आले तर? उपाय म्हणजे नेमकं काय करू?

प्रश्नांची उत्तरं अजून देऊ नका. प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करा. उत्तर टिपणातच असेल किंवा टिपणातल्या शब्दांवरून सरळ निघत असेल तर हिरवी. पत्रकातून किंवा लेबलवरून आणावं लागेल तर निळी. यातलं काहीच नसेल तर लाल. चौथी खूण नाही. "मला वाटतं असंच असेल" हे ज्याचं उत्तर, तो प्रश्न लालमध्येच जातो.

## ३. हिरवं आधी : ओळीच्या आतलंच उलगडा

नवीन माणसाला वाटतं, एका ओळीत असून असून काय असणार, बाहेरून भर घातल्याशिवाय परिच्छेद होणार कसा. प्रत्यक्षात निम्मा परिच्छेद ओळीच्या आतूनच निघतो.

पहिला हिशेब क्षेत्राचा. हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. म्हणून हेक्टरी ५ म्हणजे एकरी २. तीन एकरांच्या वावराला ६. हे पदरचं घालणं नाही, नुसता गुणाकार-भागाकार आहे, आणि गावात सगळा व्यवहार एकरावर चालतो म्हणून तो करून देणं गरजेचं आहे. मूळ आकडा मात्र पुसू नका. "हेक्टरी ५, म्हणजे एकरी २" असं दोन्ही लिहा, म्हणजे हिशेब चुकला तरी कुणीतरी पकडेल.

दुसरं, "प्रति रात्र". आकडा एका रात्रीचा हवा असेल तर कालचे पतंग आजच्या मोजणीत यायला नकोत. म्हणजे रोज मोजून सापळा रिकामा करावाच लागेल. टिपणात "रिकामा करा" असं कुठेही लिहिलेलं नाही, तरी ते टिपणातूनच निघतं, कारण त्याशिवाय टिपणातला आकडा मिळूच शकत नाही. एखादी गोष्ट टिपणातून निघते की आपण घालतोय, हे ओळखायचं असेल तर ती काढून पाहा. ती काढल्यावर टिपण पाळताच येत नसेल, तर ती टिपणातली. टिपण तरीही पाळता येत असेल, तर ती बाहेरची.

तिसरा शब्द "सलग". हा आकड्यांनी दाखवल्याशिवाय कळत नाही. समजा एका सापळ्यात सहा रात्री असे पतंग आले : ९, १०, ४, ११, ८, ९. पहिल्या दोन रात्री भरल्या, पण तिसऱ्या रात्री ४ आल्याने साखळी तुटली. मोजणी पुन्हा चौथ्या रात्रीपासून सुरू होते आणि सहाव्या रात्री सलग तीन पुऱ्या होतात. हीच नोंद पाहून कुणी म्हणेल, सहापैकी पाच रात्री भरल्या, मग चौथ्या दिवशीच का नाही फवारलं? "सलग" हा शब्द त्यासाठीच आहे. उदाहरणाचे आकडे तुम्ही स्वतः घेतलेले असतील तर आधी "समजा" लिहा. नाहीतर ते गावातली खरी नोंद म्हणून फिरू लागतात.

हिरवं उलगडता उलगडता एक लाल प्रश्नही समोर येतो. पाच सापळ्यांपैकी एकात १५ पतंग आले आणि बाकीच्यांत तीन-तीन, तर काय धरायचं? आठ हा प्रत्येक सापळ्याचा आकडा की सरासरी? टिपण तेवढं सांगत नाही. हा प्रश्न कृषी सहायकांना फोन करून विचारा. उत्तर मिळेपर्यंत परिच्छेदात "सापळ्यामागे ८" एवढंच ठेवा. आपल्या मनाने "सरासरी" घालू नका.

## ४. निळं नंतर : बाहेरचं आणायचं ते हातात धरून

"सापळा कशाला" या प्रश्नाचं उत्तर टिपणात नाही, पण ते नसेल तर परिच्छेद म्हणजे नुसता हुकूम होतो. कारण समजलेला माणूस अडचणीच्या वेळी बरोबर वागतो, म्हणून कारणाचं वाक्य घालावंच. आणि नेमक्या याच वाक्यात सगळ्यात जास्त चुका होतात.

खात्रीने सांगता येण्यासारखं एवढं आहे. कामगंध सापळ्यातल्या ल्युरमध्ये मादी पतंगाच्या गंधासारखं कृत्रिम द्रव्य असतं. गुलाबी बोंडअळीसाठी ते गॉसिप्ल्युर. त्या वासावर फक्त नर येतात. अळी बोंडात शिरली की भोक बुजतं, बोंड वरून चांगलं दिसतं, आणि वरून मारलेलं औषध आतल्या अळीपर्यंत पोचत नाही. म्हणून पतंग उडताहेत हे आधी कळणं महत्त्वाचं.

आता इथून पुढे वाहवत जाणं किती सोपं आहे बघा : "नर अडकतात, म्हणून माद्यांना नर मिळत नाहीत, म्हणून अंडी पडत नाहीत, म्हणून अळी होत नाही." प्रत्येक "म्हणून" पटतो. पण हेक्टरी ५ सापळे हे पाळत ठेवण्यासाठी असतात. नर धरून कीडच कमी करायची असेल तर सापळे बरेच दाट लावावे लागतात आणि तो सल्ला वेगळा असतो. हे "म्हणून" वाचून शेतकरी सापळे लावून निर्धास्त झाला, तर पतंग मोजायचंच सोडून देईल. पत्रकात एक "म्हणून" असेल तर परिच्छेदातही एकच ठेवा.

लेबल वाचण्याचा फायदाही इथेच कळतो. ल्युर किडीप्रमाणे वेगळं असतं. अमेरिकन बोंडअळीसाठीचं हेलील्युर गुलाबी बोंडअळीला चालत नाही. चुकीचं ल्युर लागलं तर सापळा रिकामा राहतो आणि माणूस समजतो, आपल्या पऱ्हाटीवर कीड नाही. म्हणून "पाकिटावरचं नाव पाहा" हे वाक्य जागा अडवत असलं तरी घ्यावं. ल्युर किती दिवसांनी बदलायचं ते मात्र पाकिटावर असेल तेवढंच लिहा. पाकीट जवळ नसेल तर "पाकिटावर दिलेल्या मुदतीत बदलावे" असं लिहिलं तरी वाक्य पुरं होतं.

शब्दांचा अर्थ सांगतानाही निळी खूण लागते. शेजारच्या ओळीत "डोमकळ्या १०%" असेल, तर डोमकळी म्हणजे वाळलेली कळी असं बरेच जण लिहून टाकतात. डोमकळी हे फूल असतं. आत अळी असल्याने त्याच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून राहतात आणि ते उमलता उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं दिसतं. वाळलेल्या कळ्या मोजल्या तर १० टक्के हा आकडा निरर्थक होतो. आणि दहा टक्के कशाचे, तर फुलांचे, झाडांचे नाही. शंभर फुलं पाहिली तर त्यातली दहा.

## ५. लाल जागा लाल म्हणूनच राहू द्या

"उपाय" या शब्दापुढे टिपण थांबलं आहे. लिहिणाऱ्याला तिथेच सगळ्यात जास्त खाज सुटते, कारण वाचणाऱ्याला तेच हवं असतं. दुकानदाराने सांगितलेलं नाव असतं, मागच्या वर्षीचं मिश्रण आठवतं, शेजारच्या गावचा निरोप मोबाईलमध्ये असतो. यातलं काहीही लिहू नका. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजुरांचे जीव गेले. त्यानंतर तरी औषधाचं नाव आणि मात्रा अंदाजाने फळ्यावर जाता कामा नये. पिकाचं वय, किती नुकसान दिसतंय आणि आधी काय फवारलं आहे यावर उपाय बदलतो, आणि तुमच्यासमोरच्या ओळीत यातलं काहीच नाही.

लाल जागा तीनच प्रकारांनी मिटते. फोन करून उत्तर मिळवा, आणि मग ते निळं होईल. किंवा टिपणातला मोघम शब्द तसाच ठेवा. किंवा वाचणाऱ्याला कुणाकडे जायचं ते सांगा. तिसरा प्रकार दिसायला कमी वाटतो, पण "नोंदवही घेऊन कृषी सहायकांना विचारावे" हे पूर्ण, पाळता येण्यासारखं वाक्य आहे.

"योग्य ती उपाययोजना करावी", "आवश्यकतेनुसार फवारणी घ्यावी" असली वाक्यं मात्र लाल जागा झाकतात. त्यांनी काहीच सांगितलेलं नसतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं सांगून झालं.

## ६. आता परिच्छेद लिहा

क्रम ज्या क्रमाने माणूस काम करील तोच ठेवा : कशासाठी, किती, काय घ्यायचं, कुठे बांधायचं, रोज काय करायचं, कधी जागं व्हायचं, मग कुणाकडे. प्रत्येक वाक्यात एकच गोष्ट.

"कपाशीवर गुलाबी बोंडअळीचे पतंग उडू लागले की नाही हे कळण्यासाठी हेक्टरी ५, म्हणजे एकरी २ कामगंध सापळे लावावेत. अळी बोंडात शिरल्यावर वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून पतंगांवर आधीच लक्ष ठेवायचे. सापळ्यातील ल्युरला मादीसारखा वास असल्याने नर पतंग त्यात येतात. ल्युर गुलाबी बोंडअळीचेच घ्यावे. पाकिटावर गॉसिप्ल्युर हे नाव पाहावे आणि पाकिटावर दिलेल्या मुदतीत ते बदलावे. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा साधारण एक फूट उंच राहील असा बांधावा आणि पऱ्हाटी वाढेल तसा वर घ्यावा. रोज सकाळी प्रत्येक सापळ्यातील पतंग मोजून वहीत लिहावेत व सापळा रिकामा करावा. एका रात्रीत सापळ्यामागे ८ किंवा जास्त पतंग, असे सलग ३ रात्री आढळले तर उपाय करण्याची वेळ आली असे समजावे. मध्ये एखाद्या रात्री आकडा ८ च्या खाली गेला तर मोजणी पुन्हा पहिल्या रात्रीपासून धरावी. कोणता उपाय करायचा ते नोंदवही दाखवून कृषी सहायकांना विचारावे."

एका ओळीची दहा वाक्यं झाली. पाळत ठेवण्याचा हेतू, फवारणी न पोचण्याचं कारण, ल्युरचा वास, पाकिटावरचं नाव व मुदत आणि सापळ्याची उंची हे निळं. शेवटचं वाक्य लाल जागेचं. उरलेलं हिरवं. "घातक", "भरघोस", "तज्ज्ञांच्या मते" यांची कुठेच गरज पडली नाही. परिच्छेद अजून छोटा वाटला तरी चालेल. फळ्यावर जागा उरली तर अक्षर मोठं काढा.

## ७. तपासणी : उलटीकडून

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करा आणि वर या. सरळ वाचलं की ओघात चूक निसटते, उलटं वाचलं की प्रत्येक वाक्य एकटं उभं राहतं. एकेका वाक्यावर बोट ठेवून विचारा, हे कशावरून? टिपणातला शब्द, पत्रकातली ओळ किंवा लेबल दाखवता आलं पाहिजे. दाखवता येत नसेल तर वाक्य कितीही आवडलेलं असो, काढा.

मग फक्त आकडे पाहा आणि प्रत्येकाशेजारचं एकक मोठ्याने म्हणा : पाच, हेक्टरी. आठ, एका सापळ्यामागे, एका रात्रीत. तीन, रात्री, सलग.

त्यानंतर क्रियापदं. टिपणात "शक्यतो" असेल आणि परिच्छेदात "करावेच" झालं असेल, तर सल्ला बदलला. उलटही होतं : "करू नये" याचं सौम्य करता करता "टाळल्यास बरे" होतं. सल्ल्याचा जोर टिपणात असेल तेवढाच ठेवावा.

शेवटी, टिपण न पाहिलेल्या एका माणसाला परिच्छेद वाचून दाखवा. गटातल्या एखाद्या ताई किंवा शेजारचे काका चालतील. मग कागद बाजूला ठेवून त्यांना विचारा, "काकाजी, आता तुमच्या वावरात काय काय कराल?" ते सांगत असताना मूळ ओळ समोर धरा. त्यांच्या बोलण्यातून "सलग" गळाला तर दोष त्यांचा नाही, ते वाक्य पुन्हा लिहायचं. त्यांनी "मग औषध मारू" असं म्हटलं, तर शेवटचं वाक्य आणखी स्पष्ट करायचं.

परिच्छेद फळ्यावर गेला की खाली बैठकीची तारीख आणि कोणत्या पत्रकावरून मजकूर घेतला ते लिहा. तीन रंगांचा कागद गटाच्या फाईलमध्ये ठेवा. पुढच्या हंगामात आकडा बदलून आला, तर कोणत्या वाक्याला हात लावायचा ते त्यावरून लगेच सापडेल.